पाच किलोमीटरचं ॲव्हरेज आणि एक बुडालेला दिवस

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा पुण्यात जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. काकांची जुनी स्कूटर परत करायची होती, म्हणून नवी गाडी घ्यायच्या विचारात तो एक दिवस तीन पत्रकं घेऊन घरी आला. एक 110 सीसीची स्कूटर, एक 100 सीसीची मोटरसायकल आणि एक 125 सीसीची. त्याचा प्रश्न एकच होता, “काका, ॲव्हरेज कुणाचं जास्त?”

मी त्याला आधी त्याचं रोजचं रनिंग विचारलं. कोथरूड, बाणेर, औंध धरून दिवसाला साधारण 110 किलोमीटर, महिन्याला 26 दिवस. म्हणजे महिन्याचे 2,860 किलोमीटर झाले. ऑफिसला जाणारा माणूस इतकी गाडी चार-पाच महिन्यांत चालवतो.

पत्रकातला आकडा बाजूला ठेवला. सिग्नलवरची थांबाथांब आणि पाठीवरची बॅग धरली, तर गावातल्या रस्त्यांवर 100 सीसीची गाडी लिटरला साधारण 60 देते आणि स्कूटर 42 च्या आसपास. पेट्रोल 104 रुपये लिटर धरलं, तर मोटरसायकलला महिन्याला 4,950 रुपये लागतात आणि स्कूटरला 7,080. दोन हजारांहून जास्त फरक. वर्षाला पंचवीस हजार. हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

पण 60 आणि 65 यांमधला फरक काढला, तेव्हा तो महिन्याला जेमतेम 380 रुपये निघाला. गाडी एक दिवस गॅरेजात पडून राहिली तर त्याचे सातशे-आठशे रुपये बुडतात, म्हणजे त्या पाच किलोमीटरची दोन महिन्यांची बचत एका दिवसात गेली. म्हणून मोठा फरक ॲव्हरेजवर बघावा. गाड्या जवळजवळ सारख्या असतील, तर मात्र कुठली गाडी कमी वेळा बंद पडते आणि पटकन दुरुस्त होते, हे बघावं.

स्कूटरची सोय मी नाकारत नाही. पाय ठेवायच्या जागी किराण्याची पिशवी बसते, डाव्या हाताला दिवसभर क्लच दाबावा लागत नाही. मनगट दुखत असेल त्याने हाच विचार आधी करावा. पण स्कूटरचं चाक बेल्टवर फिरतं आणि तो बेल्ट झाकणाआड असतो. साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरला तो बदलावा लागतो, म्हणजे या मुलाला सात ते नऊ महिन्यांतच. उचलताना गाडी थरथरायला लागली, ॲक्सिलरेटर पिळूनही पिकअप उशिरा मिळायला लागला की झाकण उघडून बघायला हवं. बेल्ट रस्त्यात तुटला तर इंजिन नुसतं गरगरतं, गाडी ढकलतच न्यावी लागते.

मोटरसायकलची चेन डोळ्यांसमोर असते. मागच्या दातेरी चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढायची. दात निम्मा उघडा दिसला तर चेन संपली. दात एका बाजूला कलून आकड्यासारखे झाले असतील, तर नुसती चेन बदलून भागत नाही, पुढचं-मागचं चक्र धरून पूर्ण किट टाकावं लागतं. नवी चेन जुन्या चक्रावर लवकर झिजते. बेल्टची वेळ मात्र बाहेरून अशी बोटाने तपासता येत नाही.

वॉरंटीतही एक मेख आहे. “पाच वर्षं” हे मोठ्या अक्षरात असतं आणि पुढे लिहिलेलं असतं, “किंवा अमुक किलोमीटर, जे आधी होईल ते”. मर्यादा 70,000 किलोमीटरची असेल, तर वर्षाला चौतीस हजार चालवणाऱ्याची वॉरंटी दोन वर्षांतच संपते. त्यानंतर गाडी गल्लीतल्या फिटरच्या हातातच जाणार. म्हणून त्याला मी सांगितलं, आपल्या भागातल्या दोन गॅरेजांत आधी विचार, “याचं चेन किट, ब्रेक शू, क्लच प्लेट तुमच्याकडे आत्ता आहे का?” बरीच वर्षं चालणाऱ्या, रस्त्यावर हजारोंनी दिसणाऱ्या साध्या मॉडेलचं सामान तिथेच मिळतं. नव्या मॉडेलसाठी नाना पेठेत चक्कर मारावी लागते, तिथेही नसलं तर कंपनीकडून यायची वाट बघायची.

ॲव्हरेज स्वतः मोजायचं झालं, तर टाकी फुल करून, ट्रिप मीटर शून्यावर आणून, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करावं आणि किलोमीटरला त्या खेपेच्या लिटरने भागावं. असं तीनदा केलं की खरा आकडा कळतो. तो एकदम पाच-सहाने घसरला, तर आधी टायरमधली हवा बघावी आणि मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक घासत नाही ना ते पाहावं. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

शेवटी त्याने 100 सीसीची गाडी घेतली. ऑइल तो महिन्याला बदलतो, कारण तीन हजार किलोमीटर तेवढ्यातच भरतात. दुपारच्या ऑर्डरी चारला ओसरतात, संध्याकाळच्या सातला सुरू होतात. तेवढ्यात कोपऱ्यावरचा फिटर ऑइल बदलून, चेन ताणून गाडी मोकळी करतो.