‘वायफाय बंद आहे’ एवढंच लिहू नका!

अंबरनाथच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थिनीने आयटी विभागाला पाठवलेला हा ईमेल बघा. विषय: ‘ग्रंथालय, दुसरा मजला: वायफाय जोडलं जातं, इंटरनेट नाही.’

पुढे तिने वेळ दिली, सकाळी 11:40. सिग्नल पूर्ण होता. नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला, फरक नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप व्यवस्थित चालला. मग तिने विंडोजमध्ये ही कमांड दिली:

```
ipconfig /all
```

पत्ता दिसला `169.254.` ने सुरू होणारा. ईमेलची शेवटची ओळ सर्वांत मोलाची: सकाळपासून जोडलेल्या मैत्रिणींचं नेट चालू होतं, नव्याने जोडणाऱ्या दोघींना मात्र तीच अडचण.

डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही, की विंडोज स्वतःच `169.254` चा पत्ता घेतं. म्हणजे पासवर्ड किंवा सिग्नलवर वेळ घालवायला नको. सर्व्हरकडचे पत्ते संपलेत की सर्व्हरच बंद आहे, हे विद्यार्थ्याला बाहेरून कळत नाही. कारण जुने पत्ते दोन्ही वेळा मुदतीपर्यंत चालतात. नेमकं कारण आयटीवाले लॉगमध्ये पाहतात.

तक्रार करताना जागा, वेळ, आयपी पत्ता आणि इतरांची स्थिती नक्की लिहा. पासवर्ड मात्र कधीच लिहू नका.