साखरपुड्याच्या अंगठीचा हिशेब

अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्च करावा, हा संकेत कोणत्याही परंपरेतून आलेला नाही. हिरे विकणाऱ्या डी बिअर्स कंपनीच्या जाहिरातींनी तो रुजवला. जपानमध्ये तर त्याच कंपनीने तीन महिन्यांचा पगार सुचवला. ज्याला माल खपवायचा आहे त्याने ठरवलेले हे प्रमाण घरखर्च, भाडे किंवा आधीचे हप्ते विचारात घेत नाही. म्हणून बजेट पगारावरून नव्हे, तर साखरपुड्यापर्यंत हाती साठणाऱ्या रकमेवरून ठरवावे.

महाराष्ट्रात बहुधा मुलगा-मुलगी दोघेही एकमेकांना अंगठी घालतात, त्यामुळे हिशेब दोन अंगठ्यांचा असतो. समजा, साखरपुड्याला पाच महिने आहेत आणि अडीअडचणीची शिल्लक न मोडता दोघे मिळून दरमहा १२,००० रुपये बाजूला टाकू शकतात. म्हणजे ६०,००० रुपये झाले. आकडेमोड सोपी जावी म्हणून २२ कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर सहा ग्रॅम सोने येईल असे वाटते. पण तसे होत नाही. सोन्याच्या किमतीवर घडणावळ लागते आणि एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी. घडणावळ १२ टक्के असेल, तर ६०,००० रुपयांत जेमतेम ५.२ ग्रॅम सोने बसते: तिची २.२ ग्रॅमची आणि त्याची तीन ग्रॅमची अंगठी. दुकानात जाण्याआधी असे उलट गणित मांडले की वजन आधीच ठरते आणि मग समोर ठेवलेल्या ट्रेमधल्या जड अंगठ्यांकडे हात जात नाही. घडणावळीत घासाघीस जरूर करावी. नक्षीकाम जितके बारीक, तितकी ती वाढते.

खड्याच्या अंगठीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सोन्याचे निव्वळ वजन आणि खड्याचे वजन बिलावर वेगवेगळे लिहिलेले हवे. नाहीतर खडाही सोन्याच्या भावाने विकला जातो. पुढे अंगठी मोडायची वेळ आली तर सोन्याचे पैसे बव्हंशी परत मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत आणि बारीक खड्यांचे क्वचितच. सोन्यावर शुद्धतेचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आहे की नाही, हेही भिंगातून पाहून घ्यावे.

रक्कम कमी पडली की क्रेडिट कार्ड पुढे येते. ६०,००० रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल, तर पहिल्याच महिन्यात २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास २,५०० रुपये जातात. वरच्या भावाने हे पाव ग्रॅम सोने झाले, आणि थकबाकी फिटेपर्यंत दर महिन्याला असेच काहीतरी जात राहते. त्यापेक्षा घरातले जुने, न वापरले जाणारे सोने मोडीत देऊन त्यातून अंगठी घडवावी. तेही नसेल, तर आता साधे वळे घ्यावे आणि खडा पुढे, पैसे साठल्यावर, बसवून घ्यावा.