एका सॉर्टमध्ये तीन पद्धती

जीसीसी कंपायलरसोबत येणाऱ्या सी++ लायब्ररीतील `std::sort` आकड्यांचा क्रम लावताना क्विकसॉर्ट, हीप सॉर्ट आणि इन्सर्शन सॉर्ट या तीन पद्धती वापरते. ‘इंट्रोसॉर्ट’ नावाची ही जोडणी डेव्हिड मसर यांनी 1997 साली मांडली.

मुख्य काम क्विकसॉर्ट करते. ती एक घटक पिव्हट म्हणून निवडते, त्याहून लहान घटक एका बाजूला व मोठे दुसऱ्या बाजूला काढते आणि दोन्ही तुकड्यांवर हेच पुन्हा करते. तुकडे साधारण निम्मे पडत गेले, तर दहा लाख घटक सुमारे 20 पातळ्यांत सुटे होतात आणि दोन-तीन कोटी तुलनांत काम संपते.

पण तुकडे निम्मेच पडतील याची खात्री नसते. पहिल्या, मधल्या व शेवटच्या घटकांतला मधला पिव्हट घेतला, तरी मुद्दाम रचलेल्या यादीत तो दरवेळी दुसऱ्या क्रमांकाचा लहान घटक ठरू शकतो. मग प्रत्येक फेरीत दोनच घटक जागेवर बसतात, फेऱ्या पाच लाखांवर जातात आणि तुलना सुमारे 25 हजार कोटी होतात. बाहेरून आलेली माहिती लावणारा सर्व्हर अशा यादीने अडकवता येतो.

म्हणून इंट्रोसॉर्ट खोलीवर मर्यादा घालते. घटकसंख्येच्या दोनच्या पायातील लॉगॅरिदमचा पूर्णांक घेऊन त्याची दुप्पट केली जाते. दहा लाखांसाठी ती 38 येते. वरच्या घातक यादीत 38 पातळ्यांनंतर जेमतेम 76 घटक सुटलेले असतात. मर्यादा संपताच उरलेला तुकडा हीप सॉर्टकडे जातो. तिला कोणत्याही यादीसाठी n log n च्या प्रमाणातच वेळ लागतो. त्यामुळे एकूण तुलना सुमारे आठ कोटींत आटोपतात. मग सुरुवातीपासून हीप सॉर्टच का नाही? कारण ती मेमरीत दूरदूरच्या जागी उड्या मारते आणि कॅशचा फायदा गमावते. सरळ ओळीने वाचत जाणारी क्विकसॉर्ट एरवी तिच्याहून वेगवान ठरते.

तुकडा 16 किंवा त्याहून कमी घटकांचा झाला की क्विकसॉर्ट त्याला सोडून देते, कारण इतक्या लहान तुकड्यासाठी पिव्हट निवडणे आणि फंक्शन पुन्हा बोलावणे हाच खर्च जड होतो. शेवटी संपूर्ण यादीवर इन्सर्शन सॉर्ट एकदाच फिरते. हातातल्या पत्त्यांत नवा पत्ता योग्य जागी खोचावा, तसे तिचे काम असते. लांबलचक विस्कळीत यादीवर ती फार मंद असते, पण इथे प्रत्येक घटक आपल्या तुकड्यातच असल्यामुळे फार तर 15 जागा सरकतो.

1998 च्या सी++ मानकाने `std::sort` कडून n log n ची अपेक्षा केवळ सरासरीपुरती ठेवली होती. 2011 च्या मानकाने ती सर्वांत वाईट यादीसाठीही बंधनकारक केली. निव्वळ क्विकसॉर्ट ही अट पाळू शकत नाही. इंट्रोसॉर्ट मात्र ती पाळते.