एक किलो प्लॅस्टिक, एक लिटर तेल?

नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांच्या प्लॅस्टिकपासून इंधन बनवण्याच्या प्रयोगाच्या बातम्या २००० नंतरच्या दशकात गाजल्या. 'एक किलो प्लॅस्टिकपासून एक लिटर तेल' हे वाक्य आजही वरचेवर कानी पडते. ते खरे आहे का, हे आपण रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावरच्या कचऱ्यावर तपासून पाहू.

बंद भांड्यात हवा न देता प्लॅस्टिक ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्या तुटतात. वाफ थंड केली की तेल मिळते. न थिजणारा वायू भट्टीतच जाळतात आणि तळाशी काजळी उरते. स्वच्छ, कोरड्या पॉलिथिनच्या वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश तेल निघू शकते. हे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ७५० ग्रॅम तेल जवळजवळ लिटरभर भरते. म्हणजे दावा खोटा नाही. अट मात्र 'स्वच्छ आणि कोरडे' ही आहे.

आता किनाऱ्यावरून १०० किलो कचरा गोळा केला असे समजू (आकडे उदाहरणादाखल). वाळू, पाणी आणि मीठ २५ किलो. उरलेल्यांत २५ किलो पाण्याच्या बाटल्या, नायलॉनची जाळी आणि पीव्हीसीचे तुकडे. हे भट्टीत चालत नाहीत. बाटल्यांच्या पेटपासून होणारे आम्ल थंड नळीत गोठून ती तुंबवते. नायलॉनमधला नायट्रोजन तेलात उतरतो. सर्वांत वाईट पीव्हीसी: एका किलोतून सुमारे ५८० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो लोखंड खातो आणि तेलात क्लोरीन सोडतो. ओळखायला बादलीभर पाणी पुरते. धुतलेले तुकडे बुडवून आतली हवा काढली की पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, ही तिन्ही बुडतात.

उरले ५० किलो. उन्हाने जुनाट झालेल्या या मालातून ६० टक्के तेल धरले तर ३० किलो, म्हणजे सुमारे ३८ लिटर. किलोला लिटर नव्हे, लिटरच्या दोन पंचमांशापेक्षाही कमी!

हे तेल म्हणजे डिझेल नव्हे. त्यात पेट्रोलसारखा लवकर पेट घेणारा भाग असतो आणि साठवले की ते काळवंडून त्यात गोंद धरतो. ३० किलो जाळले की सुमारे ९४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो (CH₂ चे १४ भाग, त्यापासून CO₂ चे ४४, गणित वर्गात करून पाहावे). क्लोरीन राहिले असेल तर धुरात डायॉक्सिनही तयार होऊ शकतात.

मग हा पुनर्वापर का? केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कचऱ्यापासून तेल हा प्रकार सिमेंट भट्टीच्या शेजारी, 'अंतिम विल्हेवाट' या सदरात आहे, आणि पुनर्वापर न होणाऱ्या प्लॅस्टिकसाठीच तो सुचवला आहे. आम्हांला हे वर्गीकरण पटते. तेल शुद्ध करून त्यापासून पुन्हा प्लॅस्टिक केले तर गोष्ट वेगळी. पण त्यासाठी क्लोरीन अत्यल्प लागते. आपल्या ढिगातून बाजूला काढलेल्या बाटल्या मात्र भंगारवाला विकत घेतो, आणि त्यांचा धागा होतो.