बंद पडलेला बाजार पुन्हा चालवून पाहताना

२४ फेब्रुवारी २०२१ ला, मासिक एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी, एनएसईवर सकाळी दहानंतर निफ्टीचा आकडा पडद्यावर हलेनासा झाला. फ्युचर्सचे सौदे मात्र सुरूच होते. ११:४० च्या सुमारास एक्स्चेंजने बाजारच थांबवला. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइन्स अस्थिर झाल्या आणि त्याचा फटका जोखीम तपासणाऱ्या यंत्रणेला बसला, असं कारण पुढे देण्यात आलं. रोज दुपारी ३:३० ला बंद होणारा बाजार त्या दिवशी ३:४५ ला पुन्हा उघडला आणि संध्याकाळी ५ पर्यंत चालला. मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, मधल्या वेळात चालू होता.

स्वतः भाव बघून स्वतःच ऑर्डर टाकणारा प्रोग्रॅम, म्हणजे अल्गो, ज्यांनी लिहिला आहे, त्यांनी त्यात पैसे घालण्याआधी हा एक दिवस त्याला जगायला लावावा. त्यालाच रिप्ले म्हणतात. त्या दिवशीचे भाव ज्या क्रमाने आले, तसेच फाइलमध्ये साठवलेले असतात. अशा प्रत्येक नोंदीला टिक म्हणतात. हे टिक एकामागून एक अल्गोला द्यायचे आणि खऱ्या दलालाच्या जागी एक नकली दलाल बसवायचा. तो ऑर्डर घेतो, भाव लावतो, उत्तर देतो, पण त्याची तार एक्स्चेंजपर्यंत जातच नाही. खऱ्या खात्याची किल्ली त्या संगणकावर ठेवायचीच नाही, हा पहिला नियम. अल्गोचा कोड मात्र एका अक्षराने बदलायचा नाही. चाचणीसाठी वेगळी आवृत्ती केली, तर चाचणी त्या आवृत्तीची होते आणि पैसे लागतात दुसरीला.

एक साधा अल्गो घेऊ. ९:१५ ते ९:३० या पंधरा मिनिटांतला निफ्टीचा सर्वांत खालचा आकडा तो लक्षात ठेवतो. निफ्टी त्याच्या खाली गेला, की फ्युचरचा एक लॉट विकतो. निफ्टी ५० अंकांनी उलटा गेला, तर तोटा मान्य करून बाहेर पडतो. काहीच झालं नाही, तर ३:१५ ला सौदा मिटवतो. समजा, त्याने दहाच्या आत विक्री केली आहे आणि आता तो आपल्या फाइलमधल्या त्या दिवसातून पुढे चालला आहे.

पहिली अडचण दहानंतर लगेच येते. अल्गो फ्युचरमध्ये सौदा करतो, पण स्टॉपलॉस निफ्टीच्या आकड्यावर पाहतो. तो आकडा गोठला आहे. फ्युचर वर गेलं, तरी स्टॉपलॉसला त्याचा पत्ता नाही. रिप्लेच्या नोंदीत हे स्पष्ट दिसतं: फ्युचरच्या टिकवरची वेळ पुढे सरकते आणि निफ्टीची वेळ जागच्या जागी राहते. भाव किती आहे एवढंच न पाहता तो किती जुना आहे हेही अल्गोने पाहायला हवं, आणि काही सेकंदांपेक्षा शिळ्या भावावर नवा निर्णय घेऊ नये.

दुसरी अडचण रिप्लेच लपवतो. रिप्लेमध्ये अल्गोने भिंतीवरचं घड्याळ पाहून चालत नाही. रात्री दहाला चाचणी चालवली, तर त्याला बाजार कधीच बंद झालेला वाटेल. म्हणून वेळ टिकवरूनच घेतात:

```python
now = tick.exchange_time
```

रोजच्या दिवशी हे ठीक चालतं, कारण निफ्टी फ्युचरमध्ये टिक सतत येत असतात. २४ फेब्रुवारीला मात्र ११:४० नंतर टिकच नाहीत. टिक नाही तर वेळही नाही. त्यामुळे अल्गोच्या लेखी ११:४० नंतरचा पुढचा क्षण थेट दुपारी बाजार उघडल्याचा. पहिलाच टिक येतो, अल्गो पाहतो की ३:१५ होऊन गेले, सौदा मिटवतो, आणि अहवालात सगळं नीटनेटकं दिसतं.

खऱ्या दिवशी असं झालं नसतं. संगणकाचं घड्याळ चालूच राहिलं असतं. ठीक ३:१५ ला अल्गोने ऑर्डर पाठवली असती आणि बाजार बंद म्हणून ती नाकारली गेली असती. पुष्कळ अल्गोंमध्ये ऑर्डर पाठवली, की सौदा मिटला असं धरून चालतात. मग ३:४५ ला बाजार उघडतो तेव्हा विकलेला लॉट तसाच उघडा आहे आणि अल्गो आपलं काम संपवून बसला आहे. त्या दिवशी दुपारनंतर निफ्टी चढला आणि १४,९८२ वर बंद झाला. विकून बसलेल्याच्या विरुद्ध दिशेने.

ही चूक पकडायची, तर रिप्लेत दोन गोष्टी घालाव्या लागतात. टिक येवो न येवो, दर सेकंदाला वेळ पुढे सरकल्याची खूण अल्गोला गेली पाहिजे. आणि नकली दलालाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. बाजार कधी बंद होता हे त्याला ठाऊक हवं आणि त्या वेळेत आलेली ऑर्डर त्याने परत पाठवायला हवी. माझ्या मते रिप्लेची सगळी किंमत या नकली दलालात आहे. प्रत्येक ऑर्डरला ‘झाली’ म्हणणारा दलाल अल्गोला काहीच शिकवत नाही.

भाव लावतानाही त्याने कंजूष असावं. शेवटचा सौदा १४,८०० ला झाला, म्हणून आपली विक्री १४,८०० ला होईलच असं नाही. घेणारा त्या क्षणी १४,७९८ देत असेल, तर आपल्याला १४,७९८ मिळतात. त्या वेळी लॉट ७५ चा होता, म्हणजे एका बाजूला १५० रुपये गेले. वर्षभर रोज असे सौदे करणाऱ्या अल्गोचा कागदावरचा नफा एवढ्यातच आटू शकतो. ठरावीक भावाची ऑर्डर असेल, तर आणखी जपून: बाजार त्या भावाला नुसता शिवून गेला, तर रांगेत आपल्या पुढे उभ्या असलेल्यांचे सौदे होतात, आपला होईलच असं नाही. भाव आपल्या पलीकडे गेला, तरच ऑर्डर पूर्ण झाली असं धरावं.

रेकॉर्डिंगचीही परीक्षा घ्यावी लागते. दलालाकडून किरकोळ ग्राहकाला मिळणारे टिक म्हणजे प्रत्येक सौदा नव्हे, ते अधूनमधून टिपलेले ताजे भाव असतात. शिवाय आपल्या घरचं इंटरनेट दोन मिनिटं गेलं, तर फाइलमध्ये तीही बाजाराची शांतता म्हणूनच उतरते. म्हणून प्रत्येक टिकसोबत दोन वेळा लिहाव्यात, एक्स्चेंजने दिलेली आणि आपल्याकडे पोहोचल्याची. दोन्हींतलं अंतर अचानक वाढलं, किंवा खंडानंतर दिवसाच्या एकूण उलाढालीचा आकडा एकदम उडी मारून आला, तर बाजार चालू होता आणि आपणच बाहेर होतो.

रिप्ले भरवशाचा आहे का, हे तपासायची एक पद्धत आहे. एखाद्या दिवशी अल्गो चालू बाजारावर, पण नकली दलालाशी जोडून चालवायचा आणि टिकही टिपत राहायचे. संध्याकाळी तीच फाइल रिप्ले करायची आणि दोन्ही वेळच्या ऑर्डरच्या याद्या शेजारी ठेवायच्या. सकाळी १०:४२ ला गेलेली ऑर्डर रिप्लेत दिसत नसेल, तर तिच्या आधीच्या मिनिटातले टिक एकेक करून पाहायचे. बहुधा कुठेतरी खऱ्या घड्याळाकडे पाहणारी एक ओळ राहून गेलेली असते. किंवा सव्वासहा तासांचा बाजार काही मिनिटांत पळवताना, अल्गो हिशेबात गुंतलेला असताना टिक त्याच्यासाठी थांबून राहिलेले असतात. चालू बाजारात ते थांबत नाहीत.

याद्या तंतोतंत जुळल्या तरी एक गोष्ट रिप्लेच्या आवाक्याबाहेर राहते. फाइलमधल्या बाजाराला आपण आहोत हे माहीत नसतं. निफ्टी फ्युचरच्या एका लॉटने भाव हलत नाही, म्हणून तिथे हे चालून जातं. तोच अल्गो दिवसाला थोडेच सौदे होणाऱ्या छोट्या शेअरवर मोठ्या रकमेने लावला, तर त्याची पहिलीच ऑर्डर भाव सरकवेल, आणि त्यापुढचे फाइलमधले टिक त्याच्यापुरते खोटे ठरतील.