काम कुठे साठतं?

एक ते आठ क्रमांकांवर हे आकडे पडले आहेत: ३८, १२, ४५, ७, २९, ३, ५०, १८. ते चढत्या क्रमाने लावायचे आहेत. मर्ज सॉर्ट ही पद्धत यादीचे दोन समान भाग करते, प्रत्येक भाग याच पद्धतीने स्वतंत्रपणे लावून घेते आणि मग दोन्ही लावलेले भाग एकत्र विणते. भागांचे पुन्हा भाग होत जातात. एकच आकडा उरला की लावण्यासारखं काही राहत नाही, तिथे थांबायचं. जॉन फॉन नॉयमन यांनी ही पद्धत १९४५ मध्ये, एडव्हॅक हा संगणक अजून आराखड्यातच असताना, त्याच्यासाठी लिहून काढली होती.

शेवटची विणणी बघू. डावा भाग लागून ७, १२, ३८, ४५ असा झाला आहे आणि उजवा ३, १८, २९, ५०. दोन्हींच्या तोंडाशी असलेले आकडे ताडून पाहायचे आणि लहान असेल तो उचलायचा. ७ आणि ३ मध्ये ३ उचलला. मग ७ आणि १८ मध्ये ७, १२ आणि १८ मध्ये १२, ३८ आणि १८ मध्ये १८. असं करत सात तुलनांत सात आकडे जागेवर बसतात आणि उरलेला ५० आपोआप शेवटी जातो. भाग आधीच लावलेले असल्यामुळे मागे वळून पाहावं लागत नाही. म्हणून n आकडे विणायला साधारण n इतकंच काम पडतं, आणि सगळा हिशेब एका ओळीत मावतो:

```
T(n) = 2T(n/2) + n
```

n आकडे लावायचा खर्च म्हणजे निम्म्या आकाराच्या दोन यादी लावायचा खर्च, अधिक विणणीचा खर्च. अशा समीकरणाला रिकरन्स म्हणतात. अडचण एवढीच की उत्तराच्या आत उत्तरच दडलेलं आहे. ते मोकळं करायला हे काम एकेका पातळीवर मांडून पाहावं. सर्वांत वरच्या पातळीवर n आकड्यांची एक विणणी आहे, तिचा खर्च n. तिच्या खाली निम्म्या आकाराच्या दोन विणण्या, त्यांचा मिळून खर्च पुन्हा n. त्याखाली पाव आकाराच्या चार, तिथेही n. तुकडे लहान होतात त्याच प्रमाणात त्यांची संख्या वाढते, म्हणून पातळीचा खर्च हलत नाही. पातळ्या किती? n ला दोनाने भागत एकापर्यंत यायला जितके भागाकार लागतात तितक्या, म्हणजे log₂ n. आठ आकड्यांना तीन, १०२४ ला दहा, आणि १०,४८,५७६ आकड्यांना फक्त वीस. तेव्हा एकूण खर्च n log n. दहा लाखांच्या घरातल्या या यादीला सुमारे २.१ कोटी तुलना पुरतात. दर वेळी उरलेल्यांतला सर्वांत लहान आकडा शोधत बसलं, तर त्याच यादीला जवळपास ५५ हजार कोटी तुलना लागतील.

आता मर्ज सॉर्ट बाजूला ठेवून सर्वसाधारण रूप घेऊ: T(n) = aT(n/b) + f(n). प्रश्नाचे a तुकडे, प्रत्येकाचा आकार मूळच्या 1/b, आणि तोडण्या-जोडण्याचं काम f(n). दर पातळीला तुकडे a पट होतात, म्हणून अगदी तळाशी एकेरी तुकडे किती जमतात त्याचं सूत्र n^(log_b a) असं निघतं. मास्टर थिअरम या दोन राशींची तुलना करतो: एकीकडे तळाचं काम n^(log_b a), दुसरीकडे माथ्याचं काम f(n). तळ जड असेल तर उत्तर तळाइतकं. माथा जड असेल तर उत्तर माथ्याइतकं. मात्र खाली उतरताना पातळीचं काम ठरावीक प्रमाणात घटत गेलं पाहिजे. दोन्ही समतोल असतील तर प्रत्येक पातळी सारखीच भरते, म्हणून त्या राशीला log n ने गुणायचं. मर्ज सॉर्टमध्ये a आणि b दोन्ही 2, म्हणून तळाचं काम n आणि माथ्याचंही n. हा समतोलाचा प्रकार. जॉन बेंटली, डोरोथिया हाकेन आणि जेम्स सॅक्स यांनी ही सर्वसाधारण रीत १९८० मध्ये मांडली. कॉर्मेन, लायझरसन आणि रिव्हेस्ट यांच्या १९९० च्या पाठ्यपुस्तकामुळे तिचं आजचं नाव रूढ झालं.

मला या प्रमेयाचं खरं मोल तेव्हा दिसतं, जेव्हा हा समतोल नकळत बिघडतो. पायथॉनमध्ये विणणी अशी लिहिलेली हमखास आढळते:

```python
while a and b:
    if a[0] <= b[0]:
        out.append(a.pop(0))
    else:
        out.append(b.pop(0))
out.extend(a + b)
```

उत्तर अचूक येतं. पण `pop(0)` पहिला घटक काढला की मागचे सगळे घटक एकेक घर पुढे सरकवतो. दर उचलीला हे सरकवणं आलं, म्हणून विणणीचा खर्च n वरून n² च्या पट्टीत जातो. समीकरण आता T(n) = 2T(n/2) + n². माथ्यावर n², त्याखाली निम्म्या आकाराच्या दोन विणण्यांचं मिळून n²/2, मग n²/4. ही उतरती भूमिती श्रेढी आहे आणि तिची बेरीज 2n² च्या पुढे जात नाही. माथा जड झाला, उत्तर n². दोन भाग करण्याचा सगळा फायदा एका ओळीत गेला. सरकवण्याचं काम यंत्र फार झपाट्याने करतं, त्यामुळे छोट्या यादीवर हा दोष दिसतही नाही. तो पकडायचा तर मोठी यादी घ्या आणि तिची लांबी दुप्पट करून वेळ मोजा. दहा लाखांवरून वीस लाखांवर गेलं की n log n चा वेळ साधारण २.१ पट व्हायला हवा. तो चौपटीकडे झुकला, तर विणणीत काहीतरी बिघडलं आहे. `pop(0)` ऐवजी दोन क्रमांक पुढे सरकवत वाचलं, की समतोल परत येतो.

तळ जड होण्याचं उदाहरण गुणाकारात मिळतं. मोठ्या संख्यांचे दोन-दोन अर्धे करून गुणले तर चार छोटे गुणाकार लागतात. अनातोली करात्सुबा यांनी १९६० मध्ये ते तिनांत बसवले. 3T(n/2) + n मध्ये पातळीचं काम दर पायरीला दीडपट वाढतं, तळाशी साचतं आणि उत्तर n^1.585 येतं. चारच ठेवले असते तर n². एका तुकड्याची बचत थेट घातांकात उतरली आहे.

या प्रमेयाला मर्यादाही आहेत. समजा दोन भाग विणण्याऐवजी कुणी ते नुसते जोडले आणि दर पातळीला हीप सॉर्टने नव्याने लावले. विणणीचा खर्च n log n झाला. तो n पेक्षा मोठा खरा, पण n च्या एखाद्या घाताने मोठा नाही, म्हणून प्रमेयाच्या मूळ तिन्ही प्रकारांत तो बसत नाही. पातळ्यांचा तक्ता मात्र इथेही चालतो: १०२४ आकड्यांसाठी बेरीज 1024 × (10 + 9 + … + 1), म्हणजे 1024 × 55. सरळ विणणीत ती 1024 × 10 होती. पाच पटींहून अधिक काम वाढलं, आणि सर्वसाधारण उत्तर n (log n)² च्या पट्टीत गेलं.

तुकडे असमान असले तरी प्रमेय गप्प बसतं. एक भाग तृतीयांश आणि दुसरा दोन तृतीयांश असेल तर b ची एकच किंमत ठरत नाही. अशा समीकरणांसाठी मोहम्मद अक्रा आणि लुए बाझी यांनी १९९८ मध्ये अधिक व्यापक रीत दिली. पण या उदाहरणाला तिचीही गरज नाही. एका पातळीवरच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज n च राहते. दोन तृतीयांशांची सर्वांत लांब फांदी संपायला n ला दीडाने भागत यावं लागतं, म्हणजे पातळ्या थोड्या वाढतात, तरी log n च्या प्रमाणातच राहतात. उत्तर पुन्हा n log n.