लिंक उघडत नाही? वेबसाइटवाल्यांना असं कळवा

आज एका छोट्या पत्राविषयी बोलायचं आहे. पत्र कागदावरचं नाही, ई-मेलचं. एखाद्या संस्थेच्या वेबसाइटवर आपल्याला हवी ती माहिती सापडते, खाली निळ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, "अर्ज करण्यासाठी इथे क्लिक करा". आपण बोट लावतो आणि काहीच उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जणी फोन बाजूला ठेवतात. पण ज्यांनी ते पान लिहिलं त्यांना ही गोष्ट ठाऊकच नसते. त्यांनी लिंक टाकली तेव्हा ती चालत होती. नंतर पुढच्या साइटने पत्ता बदलला, आणि तसं कळवायला त्यांच्याकडे कुणी आलं नाही.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे सगळं नीट कळेल. समजा आपला पापडाचा गट आहे. पाकिटबंद पापड विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाची नोंदणी लागते. पाकिटावर जो चौदा आकडी क्रमांक छापलेला असतो, तो तिथूनच मिळतो. आपल्याला एका सामाजिक संस्थेच्या वेबसाइटवर "पापड उद्योग कसा सुरू करावा" असं एक चांगलं पान सापडलं. उडीद डाळ किती, वाळवण कसं, पॅकिंग कसं, सगळं व्यवस्थित सांगितलं आहे. नोंदणीसाठी मात्र लिंक दिली आहे ती `foodlicensing.fssai.gov.in` या पत्त्याची. हा जुना पत्ता. 2020 सालात नोंदणीचं काम टप्प्याटप्प्याने नव्या व्यवस्थेवर नेलं. तिचं नाव फॉसकॉस आणि पत्ता `foscos.fssai.gov.in`. पान त्याआधी लिहिलेलं, म्हणून त्यात जुनाच पत्ता राहिला.

यात नुकसान काय? लिंक उघडली नाही की बाई गूगलवर शोधते. तिथे वरच्या वर जाहिराती येतात, आणि त्यातल्या काही खाजगी एजंटांच्या असतात. साइट दिसायला सरकारी, रंगही तसेच, पण सरकारी फीवर स्वतःचे पैसे चढवून घेतात. म्हणजे एक लिंक बंद पडली की तिथे येणाऱ्या प्रत्येकीला एजंटाच्या दारात जाण्याची वाट मोकळी होते. म्हणून ही लिंक दुरुस्त करून घ्यायची.

मेल लिहिण्याआधी लिंक खरंच बंद आहे का, ते पाहा. पुष्कळदा दोष आपल्या नेटचा असतो. आधी दुसरी एखादी साइट उघडून बघा. ती उघडली तर नेट ठीक आहे. मग पडद्यावर नेमकं काय लिहून येतं ते वाचा. `404 Not Found` असं आलं तर त्याचा अर्थ, साइट जागेवर आहे पण हे पान तिथे नाही. घर आहे, पण त्यात आपण शोधतो ती खोली नाही, असं समजा. `This site can’t be reached` असं आलं तर फोन त्या घरापर्यंतच पोहोचला नाही. हे पत्ता कायमचा गेल्यामुळेही होतं आणि साइट तात्पुरती बंद असल्यामुळेही होतं. सरकारी साइट दुरुस्तीसाठी काही तास बंद असतात, गर्दीच्या दिवशी बसतातही. तेव्हा दुसऱ्या दिवशी, जमलं तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या फोनवरून, पुन्हा एकदा पाहा. दोन दिवस तेच आलं तर कळवायला हरकत नाही.

एक तिसरा प्रकारही असतो, आणि तो जास्त वाईट. लिंक उघडते, पण भलतंच पान येतं, जुगाराचं किंवा कर्जाच्या जाहिरातीचं. खाजगी वेबसाइटचं नाव वर्षाच्या भाड्यावर असतं. मालकाने भाडं भरलं नाही तर तेच नाव दुसरा कुणी घेऊ शकतो. असं दिसलं तर मेलच्या विषयातच लिहा की लिंक दुसऱ्याच साइटवर जाते. ते लोक लवकर लक्ष देतील.

आता नवी लिंक. बंद लिंक कळवणं हे अर्धं काम झालं. त्या जागी काय टाकायचं तेही सांगितलं तर समोरच्याचा वेळ वाचतो. पण आपण सुचवलेली लिंक चुकली तर गावोगावच्या बायका आपल्यामुळे चुकीच्या दारात जातील, म्हणून इथे थोडा जास्त वेळ द्या. पत्ता वाचायची रीत अशी: `https://` च्या पुढून सुरुवात करा आणि पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत या. तिथे, अगदी शेवटी, `.gov.in` असलं पाहिजे, आधीच्या टिंबासकट. नावात मध्येच कुठेतरी gov किंवा fssai हे शब्द कुणीही घालू शकतं, त्याला अर्थ नाही. शेवटचं `.gov.in` मात्र फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळतं. `foscos.fssai.gov.in` या कसोटीला उतरतो. आणखी खात्री करायची तर मुख्य साइट `fssai.gov.in` उघडा आणि तिथून फॉसकॉसवर जा. दोन्ही वाटांनी एकाच पानावर पोहोचलात की झालं. तिथे नव्या नोंदणीचा अर्ज करायची सोय आहे, हेही डोळ्यांनी पाहून घ्या. नुसतं पान उघडलं म्हणजे ते कामाचं पान असतंच असं नाही.

मेल कुणाला पाठवायचा? पानाच्या अगदी तळाशी किंवा वरच्या यादीत "संपर्क" असतं. तिथे मेलचा पत्ता किंवा भरायचा फॉर्म मिळतो. पानावर लेखकाचा किंवा संपादकाचा वेगळा पत्ता दिलेला असेल तर त्यालाच पाठवा. सगळ्यांच्या पत्त्यांवर एकच मेल टाकला की जो तो समजतो, दुसरा कुणी बघेल.

मेलमध्ये चार गोष्टी लागतात: कोणतं पान, त्यातली कोणती लिंक, उघडल्यावर काय झालं, आणि बदली कोणती. लिंकचा पत्ता हाताने टाइप करू नका. फोनवर लिंकवर बोट दाबून धरलं की `Copy link address` असं येतं, त्यावरून उचला आणि मेलमध्ये चिकटवा. नुसता पडद्याचा फोटो पाठवला तर त्यांना तो पत्ता पुन्हा टाइप करावा लागतो. फोटो सोबत जोडा, पण पत्ता अक्षरांत द्या. खालच्या नमुन्यात `example.org` आहे, तिथे त्या संस्थेच्या पानाचा खरा पत्ता घालायचा आणि तारखाही आपल्या.

```
विषय: "पापड उद्योग" पानावरची नोंदणीची लिंक उघडत नाही

नमस्कार,
आमचा पापडाचा बचत गट आहे. आपलं हे पान आम्ही
वाचलं, वाळवणाची माहिती फार कामी आली.
https://example.org/papad-udyog

या पानावर "नोंदणी" या मथळ्याखाली "इथे अर्ज करा"
अशी लिंक आहे. ती या पत्त्यावर जाते:
foodlicensing.fssai.gov.in
आम्ही 3 आणि 4 तारखेला दोन फोनवर पाहिलं.
"This site can’t be reached" असं येतं.

नोंदणीचं काम आता फॉसकॉसवर होतं. तिचा पत्ता:
https://foscos.fssai.gov.in
fssai.gov.in वरूनही आम्ही इथेच पोहोचलो.
आपण खात्री करून लिंक बदललीत तर बरं होईल.

आपली,
(नाव, गटाचं नाव, गाव)
```

या मेलमध्ये काय नाही, तेही बघा. "तुमची साइट जुनाट आहे" असा सूर नाही. "लगेच बदला" असा हुकूम नाही. आणि आमच्या गटाचं पान जोडा, आमचे पापड घ्या, असंही नाही. या शेवटच्या गोष्टीला कारण आहे. वेबसाइट चालवणाऱ्यांना असे मेल रोज येतात, आणि त्यातले पुष्कळ जाहिरातवाल्यांचे असतात. दुसऱ्यांच्या साइटवरच्या बंद लिंक शोधायच्या, मालकाला गोड मेल लिहायचा आणि बदली म्हणून आपल्याच धंद्याची लिंक पुढे करायची, हा एक धंदाच झाला आहे. जितक्या जास्त साइटवरून लिंक येईल तितकी आपली साइट गूगलवर वर दिसेल, हा त्यामागचा हिशेब. म्हणून मालक असा मेल बघून आधी शंका घेतो, आणि ते बरोबरच आहे. पानातल्या एखाद्या ठरावीक गोष्टीचा उल्लेख, मथळ्याचं नेमकं नाव, सरकारी पत्ता, खाली गावाचं नाव, एवढं दिसलं की पान खरंच वाचलेल्या माणसाने लिहिलं आहे हे त्याला कळतं. माझ्या मते वाळवणाचं ते एक वाक्य सगळ्या "आदरणीय महोदय" पेक्षा जास्त काम करतं.

नवी जागा सापडलीच नाही तर? फॉर्मच्या पानाला बदली मिळाली नाही तर तसंच लिहा, "नवा पत्ता आम्हाला सापडला नाही". अंदाजाने काही देऊ नका. पण बंद पडलेलं पान नुसतं वाचायचं असेल, समजा मसाल्याच्या प्रमाणाची पुस्तिका, तर `web.archive.org` वर जुना पत्ता टाकून पाहा. तिथे जगभरातल्या पानांच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात, आणि तारखेवर बोट लावलं की त्या दिवशीचं पान दिसतं. प्रत मिळाली तर तिचा पत्ता बदली म्हणून सुचवता येतो. प्रत्येक पानाची प्रत असतेच असं नाही, आणि जिथे अर्ज भरायचा किंवा पैसे भरायचे आहेत तिथे या प्रतीचा उपयोग नाही. ती छायाप्रतीसारखी आहे, वाचता येते, पण तिच्यावरून अर्ज कुठेच पोहोचत नाही.

मेल गेल्यावर दोन आठवडे थांबा. छोट्या संस्थेत साइट बघणारा माणूस कधी कधी महिन्यातून एकदाच येतो. उत्तर नाही आलं तर त्याच मेलला जोडून दोन ओळींची आठवण द्या. तीही एकदाच. तोवर गटाच्या व्हॉट्सअॅपवर नवा पत्ता टाकून ठेवा, म्हणजे आपल्या बायकांचं काम अडणार नाही.

आणि "दुरुस्त केलं, आभारी आहोत" असं उत्तर आलं तरी पान एकदा उघडून लिंकवर बोट लावून बघा. कधी कधी दिसणारी अक्षरं बदलतात आणि त्याखालचा पत्ता जुनाच राहतो. पडद्यावर फॉसकॉस लिहिलेलं असतं, पण बोट लावलं की गाडी पुन्हा जुन्या ठिकाणी जाते. तसं झालं असेल तर बोट दाबून धरा, खालचा पत्ता उचला आणि त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवून द्या.